सात नंबरच्या खोलीचं भाडं

सुबोधने आयुष्यात पहिल्यांदाच भाडं रोख न देता कोड स्कॅन करून भरलं आणि कांदिवलीची अख्खी चाळ शिंकायला लागली.

झालं असं की, मालकीणबाई रत्नप्रभामौशींचा तो कोड त्यांच्या मालवणी मसाल्याच्या गिऱ्हाइकांसाठी होता. सुबोधने नऊ हजार पाठवले, पण कशाचे ते लिहिलंच नाही. मौशींना वाटलं, सुबोधच्या ऑफिसातून दहा किलोंची ऑर्डर आली. त्यांनी मिरच्या भाजायला घेतल्या आणि पाच तारखेला वर येऊन विचारलं, "भाडां खंय?"

समोरासमोर बोलून गोंधळ वाढला, म्हणून सुबोधने रीतसर पत्र लिहिलं: 'यापुढे दर पाच तारखेला भाडं तुमच्या कोडवर आपोआप जमा होईल. सोबत "खोली सात, भाडं" अशी नोंद असेल.'

मौशींनी पत्र दोनदा वाचलं. "आपोआप? मगे भाडां देतलो कोण? तू की फोन?"

"मीच, मौशी. एकदा पिन टाकून मंजुरी दिली की बँक दर महिन्याला माझ्या खात्यातून पाठवते."

"आणि तुझ्या खात्यात पैसे नसले तर?"

"मग जाणार नाहीत."

"म्हणजे माका वर येवचाच लागतला!"

सुबोधने पत्रातल्या नोंदीच्या ओळीवर बोट ठेवलं. मौशींनी ही पद्धत नाकारली, तर पुढच्या महिन्यात पुन्हा मिरच्या भाजल्या जाणार होत्या. "पण नोंद वाचून कळेल ना, भाडं की मसाला? मग मंजूर?"

"मंजूर. पण पयलो तो दहा किलो मसालो उचल."