खळगा आणि टाचणी

त्या रविवारी सर निघायच्या घाईत होते. ते मुंबईहून पालघरच्या आमच्या दवाखान्यात यायचे, अवघड डोळे बघायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परतायचे. मी तिथली कायमची डॉक्टर.

समोर बसला होता तारापूरच्या बांधकामावरचा माणूस, मूळचा साताऱ्याकडचा. क्रेनचा हूक वर जाताना खाली उभं राहून, मान वर करून हाताने खुणा करायचं त्याचं काम. बायकोला घेऊन तिथल्याच सालवड गावाहून आला होता. डोळ्याचा दाब सकाळी ठीक भरला होता. पण मला मागच्या भेटीतच शंका आली होती, म्हणून मुंबईला पाठवून डोळ्यांच्या पडद्यांचे फोटो काढून आणवले होते.

सरांनी उजव्या डोळ्याचा फोटो खिडकीकडे धरला. डोळ्याची नस पडद्याला मिळते तिथे एक गोल चकती दिसते, तिच्या मधोमध खळगा असतो आणि काचबिंदूत तो वाढत जाऊन चकतीची कड खातो. "मधला पांढरा भाग केवढासा आहे बघ. खळगा लहानच. दाबही ठीक. काचबिंदू नाही. जाऊ दे त्याला."

माझं डोकंच फिरलं. आज सोडला तर हा परत यायचा तो आंधळा होऊनच.

"सर, दाब ठीक असला तरी काचबिंदू असू शकतो, आणि पांढऱ्यावर जाऊ नका," मी म्हणाले. "रक्तवाहिन्या बघा." फोटो सपाट, त्यात खोली दिसत नाही. पण वाहिनी जिथे एकदम वाकते तिथे खळग्याचा काठ असतो, आणि इथे ती पांढऱ्याच्या बरीच बाहेर, चकतीच्या खालच्या कडेला टेकून वाकत होती. निरोगी डोळ्यात खालची कड सगळ्यात जाड असते. इथे दोऱ्याएवढी उरली होती. उभं माप घेतलं तर चकतीच्या दहा भागांतले आठ खळग्यानेच खाल्लेले. डाव्या डोळ्याचा फोटो शेजारी ठेवला, तिथे जेमतेम तीन.

"अगं, काहींचा खळगा जन्मतःच मोठा असतो," सर वैतागून घड्याळाकडे बघत म्हणाले.

"मग दोन्ही डोळ्यांत असता! आणि कड एकाच जागी झिजली नसती. खालची कड गेली तर वरचं दिसणं जातं. तपासून बघू."

सरांनी बॅग खाली ठेवली. चुकले असते तर सरांनी माझं पुन्हा कधी ऐकलं नसतं.

नजर कुठवर पोचते ते तपासायचं, मधोमध ठिपका असलेलं काळं कापड भिंतीवर होतंच. त्याचा डावा डोळा झाकला, मधल्या ठिपक्यावर नजर ठेवायला सांगितली आणि पांढऱ्या डोक्याची टाचणी बाजूने आत आणली.

"दिसली की सांगा."

"दिसली."

खालून आणली. "दिसली." वरून आणली. "दिसली." हळूहळू ठिपक्याकडे सरकवत राहिले, आणि ठिपक्याच्या थोडं वर, नाकाच्या बाजूला आल्यावर तो गप्प झाला. मी हात तिथेच धरला. सर पुढे वाकले.

तो तसाच ठिपक्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बाई, टाचणी खाली पडली का?"

मागे बाकावर बसलेली त्याची बायको उठून उभी राहिली. "अवो, असं काय करताय? ती बाईंच्या हातातच हाय की."