गोळी जेवणाआधी की नंतर?

हंसाबेनचा मुलगा जयेश अनवाणी पायांनी दुकानात शिरला आणि म्हणाला, "काका, मम्मी ऊठती नथी."

निजामपुऱ्यात आमच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर माझं मेडिकल स्टोअर आहे. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट. ग्लुकोमीटर उचलला आणि जिना चढलो.

हंसाबेन पलंगावर होत्या. अंग घामानं चिंब, हाक मारली तरी डोळे उघडत नव्हते. बोटाला टोचून मशीनच्या पट्टीवर थेंब घेतला. आकडा आलाच नाही, नुसतं 'लो' आलं. साखर मशीनला मोजता येणार नाही इतकी खाली गेली की असं येतं. जयेशच्या बायकोनं साखरेचं पाणी आणलं होतं. मी तिचा हात धरला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतलं तर ते श्वासनलिकेत जातं. १०८ ला फोन केला.

"काल रात्री काय जेवल्या?"

जयेशनं बायकोकडे पाहिलं.

"जयेश, मी काय विचारतोय?"

"काका, अठ्ठाई छे. आजे चोथो दिवस."

अठ्ठाई म्हणजे जैनांच्या पर्युषणातले आठ दिवसांचे उपवास. अन्नाचा कण नाही. फक्त उकळून गार केलेलं पाणी, तेही दिवसा, सूर्यास्तापर्यंत. उशाशी गोळ्यांचं पाकीट होतं. ती गोळी शरीराला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न असो वा नसो, ती आपलं काम करते. त्यातल्या दोन गोळ्या कमी होत्या. पाकीट दोन दिवसांपूर्वी मीच दिलं होतं.

"मला का नाही सांगितलं?"

"मम्मीए ना पाडी हती," जयेश खाली बघत म्हणाला. त्यांनीच सांगायला मनाई केली होती. "गये वरसनुं याद छे ने?"

होतं की लक्षात. मागच्या वर्षी जैन साधूंच्या उपाश्रयातून येणाऱ्या चार बायकांसमोर, जिन्यात, मी त्यांना मोठ्यानं म्हणालो होतो, "हंसाबेन, शुगर आहे तुम्हाला. हे काय खूळ काढलंय? कोमात जाल." मग रोज सकाळी बीपीचं मशीन घेऊन त्यांच्या दारात. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांनाही सांगत होतो, वरच्या मजल्यावर काय चाललंय ते. तिसऱ्या दिवशी त्यांनी उपवास सोडला. मला वाटलं, आपण जिंकलो. गाढव होतो मी.

माझी बायको त्या तीन दिवसांत रोज एकदाच जायची. दारातच उभी राहून हात जोडायची आणि विचारायची, "शाता छे?" म्हणजे जिवाला बरं आहे ना. त्या म्हणायच्या, "देव-गुरु पसाय." देवाची, गुरूंची कृपा. मग त्या आपणहून सांगायच्या, आज डोकं जड आहे, आज झोप झाली नाही. भूक लागली का, किती दिवस उरले, हे ती विचारायची नाही. दोन मिनिटांत परत. मला म्हणायची, "तुम्ही विचारत नाही, झडती घेता."

या वर्षी ती लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली होती.

आणि दोन दिवसांपूर्वी हंसाबेन स्वतः दुकानात आल्या होत्या. ओठ सुकलेले. पर्युषण चालू आहे हे मला ठाऊक होतं. पण वर्षभराचा अबोला होता, म्हटलं आपण कशाला तोंड उघडा. पाकीट घेऊन त्या घुटमळल्या. "भाई, आ गोळी जमण पहेलां के जमण पछी?"

नऊ वर्षं ती गोळी घेणारी बाई हे विचारत होती. मी बिलावरून मान वर न करता म्हणालो, "रोज घ्यायची. एकही चुकवायची नाही."

त्यांनी ते तंतोतंत पाळलं. महाराजसाहेबांकडून, म्हणजे उपाश्रयातल्या मुनींकडून, गोळीपुरती सूट मागून घेतली. शाता विचारली असती तर त्या बोलल्या असत्या. मग मी लगेच डॉक्टरांना फोन लावला असता. उपवासात ती गोळी बंद करायची की काय, एवढंच विचारायचं होतं.

अँब्युलन्समध्येच ग्लुकोज चढवलं. जीव वाचला. पण साखर किती तास खाली होती कोण जाणे. मेंदूनं ते सोसलं नाही. डोळे उघडे असतात, ओळख नाही, शब्द नाही.

संवत्सरीला, पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, सगळे एकमेकांची क्षमा मागतात. मी हॉस्पिटलात गेलो, पलंगाशी हात जोडले. "मिच्छामि दुक्कडम्, हंसाबेन." जयेशनं त्यांचे दोन्ही हात उचलून जोडले. मला ते बघवलं नाही.

आता दुकानात कोणीही, एकादशी असो, रोजा असो, नेहमीच्या गोळीबद्दल नव्यानं काही विचारलं, की मी पेन खाली ठेवतो. तब्येत कशी, एवढंच विचारतो आणि गप्प राहतो. लोक सांगतात. डॉक्टरांना विचारून घ्या म्हटलं तर ऐकतातही.

हंसाबेन घरी आहेत. दुकान बंद केलं की मी वर जातो, दारातच थांबतो आणि विचारतो, "शाता छे?" उत्तर येत नाही. दोन मिनिटं उभा राहतो आणि खाली येतो.