टाच मागे, बोटं मोकळी

तिला सगळे उतारवाली म्हणायचे, आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नसे, तिला तर मुळीच नाही. डोंगरात जाणाऱ्यांच्या बुटांचं तिचं दुकान होतं आणि दुकानाच्या मधोमध फळ्यांचा एक उतार होता. वर चढायला दोन पायऱ्या, आणि खाली जिथे उतार संपतो तिथे भिंतीला जुनी गादी टेकवलेली, कारण काही गिऱ्हाईकं उत्साहाच्या भरात थांबायचं विसरतात. त्या फळ्यांवरून खाली चालून दाखवल्याशिवाय तिने कुणाला बूट दिला नव्हता. एकदा एक गृहस्थ म्हणाले, मला घाई आहे, आहे तो जोड खोक्यात घालून द्या. "घाई तुम्हाला आहे, तुमच्या नखांना नाही," ती म्हणाली. गृहस्थ मुकाट्याने उतारावर चढले.

चढताना कुठलाही बूट गोड वाटतो, असं तिचं म्हणणं. खरी गाठ उतरताना पडते. पाय पुढे घसरतो, अंगठा बुटाच्या नाकावर आपटतो, आणि दिवसभर प्रत्येक पावलाला आपटत राहिला की संध्याकाळी नखाखाली रक्त साकळतं. नख काळंनिळं होतं आणि काही दिवसांनी गळून पडतं. हे ती इतक्या चवीने सांगायची की ऐकणारा नकळत आपले अंगठे आखडून घ्यायचा.

अशा बाईच्या सख्ख्या भाचीने डोंगरावर लग्न करायचं ठरवलं, म्हणजे बघा. भाची डोंगरावरच्या मुक्कामाच्या निवाऱ्याची व्यवस्था बघायची, नवरा मुलगा तिथलाच स्वयंपाकी. वऱ्हाडाने रोपवेने वर यायचं, लग्न लागलं की सगळ्यांनी मिळून पायी खाली उतरायचं आणि खाली जेवायचं, असा बेत होता. पुढे नवऱ्याचा काका ट्रंपेट वाजवत चालणार. उतारवालीला हे ऐकून इतका आनंद झाला की तिने एका गिऱ्हाइकाला दोन्ही डावे बूट बांधून दिले आणि मग रस्त्यावर त्याच्यामागे धावली.

आनंदात एकच खडा होता, तो म्हणजे ताई. ताई तिची थोरली बहीण, नवरीची आई. ताई तरुणपणी एक डोंगर भलत्याच बुटांत उतरली होती आणि तिने दोन्ही अंगठ्यांची नखं गमावली होती. तेव्हापासून ती पायऱ्यासुद्धा तिरकी उतरायची.

"मी रोपवेने वर येईन आणि रोपवेनेच खाली जाईन," तिने जाहीर केलं. "तुम्ही उतरा नाचत."

भाची मावशीकडे आली. दुकानातल्या खोक्यांच्या थप्पीवर बसून तिने डोळे पुसले. "मावशी, आई बरोबर नसली तर मी कशाला चालू? मला तिचा हात धरून उतरायचंय. तूच काहीतरी कर."

"करते," उतारवाली म्हणाली. नाही म्हणणं तिच्या स्वभावातच नव्हतं, आणि या पोरीला तर ती कशालाच नाही म्हणाली नव्हती.

अडचण उताराची नव्हती, नंबराची होती. लहानपणापासून घरात एक गोष्ट ठरून गेली होती: ताईचे पाय नाजूक, चार नंबरचे, आणि धाकटीचे म्हणजे होड्या. ताई आयुष्यभर चार नंबरच घालत आली होती. तिची चप्पल आतून कण्हत असावी, असा उतारवालीला फार दिवसांपासून संशय होता, पण बोलणार कोण?

तिने ताईला मुद्दाम संध्याकाळी बोलावलं. दिवसभर चालून पाय जरा फुगतो, आणि डोंगरात तो तसाच फुगणार. ताई आली ती नेलपॉलिश लावून, लांब नखं घेऊन, लग्नासाठी.

"नखं आधी कापायची. आडवी, सरळ, बोटाच्या आत," उतारवाली म्हणाली.

"रंग कालच लावलाय."

"कापून परत लाव. लांब नख बुटाला आधी लागतं."

बरीच हुज्जत झाली, पण नखं कापली गेली. मग उतारवालीने चार नंबरच्या बुटातला आतला तळवा ओढून काढला, जमिनीवर ठेवला आणि ताईला जाड मोज्यांसकट त्यावर उभं केलं. ताईची पाचही बोटं पुढून बाहेर डोकावत होती. ताईने वाकून पाहिलं.

"हा तळवा आखूड शिवलाय," ताई म्हणाली.

उतारवालीला हसू आवरेना. तिने खोकं शोधण्याचं निमित्त करून तोंड कपाटात घातलं. पाच नंबरमध्ये अंगठा कडेला टेकला. सहामध्ये अंगठ्यापुढे बोटाच्या रुंदीएवढी जागा उरली. नाडी न बांधता पाय पुढे सरकवला तेव्हा टाचेमागे एक बोट नीट बसलं. अचूक सहा, म्हणजे धाकटीच्या होड्यांचाच नंबर. उतारवालीच्या पोटात आनंदाचं कारंजं उडालं. पण जिंकल्याचं बोलून दाखवलं तर ताई रोपवेत जाऊन बसेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"ही कंपनी ना, ताई, नंबर फार छोटे काढते," ती शक्य तितक्या निर्विकारपणे म्हणाली. "यांचं सहा म्हणजे आपलं चारच."

ताईने बुटाकडे पाहिलं, मग बहिणीकडे. "असं होय? मग हरकत नाही."

उतारवाली गुडघ्यावर बसली. ताईची टाच जमिनीवर ठोकून पाय मागे बसवला, घोट्यापाशी नाडीला दोन वेढे देऊन गाठ आवळली, म्हणजे खालचा भाग ढिला पडत नाही, आणि मग वरचे हूक बांधले. ताई फळ्यांवर चढली, खाली चालली, मध्येच मुद्दाम पाय आपटून पाहिला, पुन्हा चालली. गादीपाशी पोचल्यावर तिचा चेहरा बदलला होता.

"लागत नाही गं."

"कुठेच नाही?"

"कुठेच नाही." ताई वर गेली आणि पुन्हा खाली आली. मग आणखी एकदा. दोघी बहिणी त्या फळ्यांवरून हात धरून खाली येऊ लागल्या आणि शेवटी गादीवर जाऊन आपटल्या. दोघींच्या वयाची बेरीज केली तर एक आदरणीय आकडा येतो, पण त्या संध्याकाळी कुणी बेरीज केली नाही.

लग्न लागलं. काकांनी ट्रंपेट हातात घेतलं आणि वरात निघायची वेळ झाली. उतारवाली निवाऱ्याच्या दारात बसली होती. मायलेकींची, नवऱ्याची, काकांची, सगळ्यांची पावलं मांडीवर घेऊन एकेकाची नाडी बांधत होती. तिला त्यातच धन्य वाटत होतं. स्वतःचा जुना जोड तिने घाईघाईत चढवला. दुकानामुळे तिला वर्षानुवर्षं मोठा उतार उतरायला सवडच मिळाली नव्हती, पण आपला नंबर आपल्याला माहीत असतोच.

सुरुवातीची वाट झोकात झाली. ताई लेकीचा हात धरून अशी उतरत होती की जावई म्हणाला, आईंना आवरा, त्या पुढे निघून जातील. एका वळणावर ताईच्या बुटात खडा गेला. तिने बूट काढला, खडा झटकला, बूट घातला आणि नाडीचं एक सैलसं फूल बांधून निघाली. थोड्या वेळाने ती हळू झाली. मग तिरकी झाली. मग एका दगडावर बसली.

"बस्स," ती म्हणाली. "अंगठा ठणकतोय. मला कुणीतरी वर न्या, मी रोपवेने जाते."

ट्रंपेट थांबलं. भाचीचा चेहरा उतरला. उतारवाली शेवटच्या टोकाला होती, ती धडधडत खाली आली आणि ताईच्या पायाशी बसली. बूट बरोबर, मोजा बरोबर, मग काय? तिने नाडीला हात लावला, ती लोंबत होती. पाय बुटात घसरगुंडी खेळत होता.

आणि तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. इतकी वर्षं ती प्रत्येकाची नाडी स्वतः बांधत आली होती. दुकानात तिच्या हातांनी बांधलेला बूट बसायचा आणि गिऱ्हाईक खूश होऊन जायचं. पण डोंगरात तिचे हात कुठून यायचे? तिने कधी कुणाला बांधायला शिकवलंच नव्हतं. तिला लाज वाटली, आणि लगोलग हसूही आलं.

"ताई, चूक माझी आहे. आता तू बांध."

"मी?"

"टाच ठोक आधी. मागे बसली? आता घोट्यापाशी दोन वेढे. ओढ. अजून ओढ. आता वर."

ताईने बांधलं. वाकडं, पण घट्ट. उठून चार पावलं उतरली आणि थांबली. सगळी वरात तिच्या बुटांकडे बघत होती.

"वाजवा की," ती काकांना म्हणाली, आणि लेकीचा हात धरला.

त्यानंतर सगळ्या वऱ्हाडाने खाली बसून आपापल्या नाड्या सोडल्या आणि पुन्हा बांधल्या. उतारवाली मधोमध उभी राहून ओरडत होती, टाच मागे, बोटं मोकळी. काकांनी त्यालाच चाल लावली. खाली पोचेपर्यंत तेच वाजत होतं.

खाली गवतावर ताईने बूट काढले, मोजे काढले. दहाच्या दहा नखं गुलाबी, रंगसुद्धा उडाला नव्हता. भाचीने आईला मिठी मारली. उतारवालीनेही बूट काढले होते; तिला इतकं भरून आलं की डोळे पुसायला तिने पायातलेच मोजे ओढून काढले.

"अगं बाई," ताई म्हणाली.

उतारवालीच्या उजव्या अंगठ्याचं नख जांभळं झालं होतं. डाव्याचंही. आनंदाच्या भरात ठणका तिला कळलाच नव्हता, किंवा कळून तिने तो ट्रंपेटच्या खात्यावर टाकला होता. सगळे हसत सुटले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताई दुकानात आली. तिने बहिणीला स्टुलावर बसवलं, तिच्या जुन्या बुटातला तळवा ओढून काढला आणि तिला त्यावर उभं केलं. उतारवालीची बोटं काठाला भिडली होती. वयाबरोबर पाऊल लांबतं, हे ती सगळ्यांना सांगायची.

"ताई," ती खाली बघत म्हणाली, "तुझा बूट खरंच सहाचा होता."

"वाचता येतं मला. बुटाच्या जिभेवर छापलंय."

"मग काही बोलली का नाहीस?"

"लेकीबरोबर उतरायचं होतं. आणि तू माझ्यासाठी इतकं मन लावून खोटं बोलत होतीस, मला फार बरं वाटलं."

ताईने एक खोकं उघडलं, बूट तिच्या पायात चढवला, टाच ठोकली, घोट्यापाशी दोन वेढे दिले, वाकडे पण घट्ट. उतारवाली आपल्याच उतारावर चढली आणि खाली आली. कुठे लागलं नाही. मग तिने जिभेवरचा आकडा वाचला आणि तिचा चेहरा पडला.

"सात," ती म्हणाली.

"ही कंपनी नंबर फार छोटे काढते," ताई म्हणाली, आणि दुसरी नाडी बांधायला खाली बसली.