यंत्र आधी डगमगलं की आधी दमलं

आमच्याकडे एक नियम आहे. ड्रोन पडला की त्याच्या अंगावरची माती कोणी झाडायची नाही. पंखा तुटलेला असो, टाकी फुटून पाणी गळत असो, जसा पडलाय तसा उचलायचा, ताडपत्रीवर ठेवायचा आणि आधी त्याचा लॉग वाचायचा. मेलेल्या माणसाच्या तोंडून काही वदवता येत नाही, पण ड्रोन पडेपर्यंत बोलत असतो. सेकंदाला कितीतरी वेळा तो लिहून ठेवतो की मी किती कललो, मला किती कलायला सांगितलं होतं, बॅटरीत किती व्होल्ट होते, अंग किती थरथरत होतं. आपण फक्त त्याचं ऐकून घ्यायचं. पुण्यात ऐकून घेणारी माणसं कमी, ही गोष्ट वेगळी.

मी या धंद्यात उशिरा आले. आधी बरीच वर्षं एका कारखान्यात इंजिनांची थरथर मोजायचे. मग खराडीत आयटीच्या काचेच्या इमारतींच्या मागे, एका शेडमध्ये, फवारणीचे ड्रोन बनवणाऱ्या या लहानशा कंपनीत लागले. माझं काम ट्यूनिंगचं. म्हणजे वाऱ्याने ढकललं किंवा पायलटने रिमोटची काडी वळवली की यंत्राने किती जोराने आणि किती चटकन सावरायचं, ते आकडे बसवायचे. आकडे फार मवाळ ठेवले तर यंत्र लोळत जातं, फार कडक ठेवले तर सावरता सावरता स्वतःच थडथडायला लागतं. पोळीच्या कणकेसारखं आहे, प्रमाण सांगता येतं पण हाताला कळावं लागतं. हे काम मला मनापासून आवडतं आणि ते मला चांगलं येतं. हे सांगताना विनय दाखवण्याची मला गरज वाटत नाही.

तर खंडेनवमीनंतरची गोष्ट. सोमवारी आठ ड्रोन ऊसवाल्यांच्या एका संस्थेकडे जायचे होते. आठही एकसारखे, आठांतही माझेच आकडे. शुक्रवारी दुपारी त्यातला पहिला पाण्याने काठोकाठ टाकी भरून शेवटच्या चाचणीसाठी उडवला आणि तो पडला. विमानतळ उशाशी असल्यामुळे आम्हाला शहरात पंख हलवायची सोय नाही. मैदान सोलापूर रस्त्याला, तासाभरावर आहे. मी शेडमध्येच होते. मालकांनी व्हिडिओ पाठवला. यंत्र वर गेलं, जरा पुढे गेलं, मग दारू प्यायल्यासारखं या कुशीवरून त्या कुशीवर डुललं आणि कोसळलं.

संध्याकाळ व्हायच्या आत ताडपत्रीवरचं यंत्र शेडमध्ये आलं. त्याच्यामागे मालक, पायलट आणि मालकांनी नुकतेच नेमलेले सल्लागार. सल्लागार तरुण होते, हुशार होते आणि हुशारी खिशात मावत नसल्यामुळे हातात घेऊन फिरत होते.

"क्लिअर आहे ना," ते म्हणाले, "व्हिडिओमध्येच दिसतंय. ऑसिलेट होतंय. ट्यूनिंग इश्यू. आठही ग्राउंड करू, मी सगळं री-ट्यून करतो."

मालक माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, वाईट वाटून घेऊ नका. पण ट्यूनिंगचं काम थोडे दिवस यांच्याकडे देऊ या."

वाईट वाटून घेऊ नका असं ज्याला सांगतात त्याला वाईट वाटावं अशीच व्यवस्था झालेली असते. मला वाईट वाटलं नाही, राग आला. आठ यंत्रं अडकणार होती आणि माझं काम माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या ताटात वाढलं जात होतं.

"देऊ या की," मी म्हटलं. "पण आधी मेल्याचं ऐकू या. तेवढा नियम आपलाच आहे."

सल्लागारांनी तोवर फडकं हातात घेतलं होतं, माती पुसायला. पायलटने ते त्यांच्या हातातून काढून घेतलं. ही पायलट मांजरी गावाकडची, शेतकऱ्याच्या घरची, आणि बॅटऱ्यांची निगाही तीच राखते. ती मला हळूच म्हणाली, "ताई, मी काडी जोरात नव्हती वढली. जागच्या जागी हाय, बघा तुम्ही लॉगात."

लॉग उघडला. पहिली गोष्ट बघितली ती शेवट. यंत्र हवेत असतानाच लॉग तुटला असता, तर यंत्राच्या मेंदूची वीजच गेली असं म्हणता आलं असतं. तसं नव्हतं. जमिनीवर आपटेपर्यंत नोंद चालू होती.

सल्लागारांनी पडद्यावर बोट ठेवलं. "व्हायब्रेशन बघा! साठच्या वर गेलंय. मग फ्रेम पण लूज असणार."

"कधी गेलंय?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"वेळ बघा. यंत्र उलटं व्हायला लागल्यावर गेलंय. घसरगुंडीवरून पडणाऱ्या पोराचे नाडीठोके वाढले म्हणून ते ठोक्यांमुळे पडलं असं म्हणणार का? पडायच्या आधीची रेष बघा." ती पंधराच्या खाली, शांत होती. थरथरीने सेन्सर भरून गेला की एक मोजणी वाढत जाते. ती शून्यावर बसून होती. थरथरीमुळे यंत्र फसतं तेव्हा त्याला आपली उंचीसुद्धा धड कळत नाही, इथे उंची बरोबर कळत होती. म्हणजे थरथर निर्दोष सुटली.

आता माझी पाळी. मी दोन रेषा एकावर एक आणल्या. यंत्राने किती कलायला हवं होतं ती एक, प्रत्यक्षात किती कललं ती दुसरी. वाईट ट्यूनिंग लपत नाही. यंत्र नुसतं तरंगत असलं तरी दुसरी रेष पहिलीच्या वरखाली नाचत राहते आणि मोटरींना जाणारे हुकूमही तिच्याबरोबर करवतीच्या दातांसारखे होतात. इथे चढताना, थांबताना, पुढे जाताना दोन्ही रेषा एकमेकींना धरून होत्या. आणि मग एका जागी त्या सुटल्या.

"सुटल्या ना!" सल्लागार म्हणाले.

"सुटल्या. त्याच्या आधी काय झालं ते आणा."

मोटरींचे हुकूम आणले. रेषा सुटायच्या आधीच सगळ्या मोटरींचे हुकूम चढत चढत छताला जाऊन चिकटले होते. यंत्र मोटरींकडे असेल तेवढी ताकद मागत होतं. सगळ्या मोटरी पूर्ण ताकदीवर गेल्यावर एका बाजूला उचलायला शिल्लक काय राहणार? मग ते डुलणारच. ते डगमगलं म्हणून पडलं नव्हतं, आधी दमलं होतं. आणि दमायचं कारण त्याच्या खालच्या रेषेत होतं. व्होल्टेज. उडाल्यापासून ते बसत चाललं होतं. व्होल्टेज बसलं की मोटरींचा जोर कमी, म्हणून यंत्र जास्त करंट ओढणार, जास्त करंट ओढला की व्होल्टेज आणखी बसणार. शेवटी आठ-नऊ व्होल्ट खाली.

मला आतून इतकं बरं वाटलं की चहा सांगावा असं मनात आलं.

"मग बॅटरी खराब," सल्लागारांनी निकाल फिरवला. माणूस हरला तरी निकाल द्यायची सवय जात नाही. मालकांनी पायलटकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"बॅटरी चांगली हाय," ती म्हणाली. "सकाळीच चार्जरवर तपासली, सगळे सेल सारखे."

मी तिच्यावर विश्वास ठेवला, पण आमच्या कामात विश्वासाला रेष लागते. खंडेनवमीच्या पूजेआधीच्या उड्डाणाचा लॉग काढला. तीच बॅटरी, तेच यंत्र, तेवढीच भरलेली टाकी, जवळजवळ तेवढाच करंट. तेव्हा व्होल्टेज जेमतेम दोनने बसलं होतं. चार दिवसांत चांगली बॅटरी अशी म्हातारी होत नाही. आणि व्होल्टेज मोजलं जातं ते प्लगच्या अलीकडे, यंत्राच्या बाजूला. म्हणजे मधे कुठेतरी वीज अडत होती. मधे होतं काय? एक प्लग.

मी ताडपत्रीजवळ बसले. प्लग हाताने ओढला तर सुटेना, वितळून चिकटला होता. पायलटने पकडीने सोडवला. प्लास्टिक तांबूस करपलेलं, आणि पितळेच्या दोन्ही नळ्यांमध्ये आत लालपिवळी खरपुडी. मी नखाने खरवडली, बोट नाकाशी नेलं. हळद.

"हे कोणी लावलं?" मी विचारलं.

पायलट पत्र्याकडे बघायला लागली. सल्लागार तेव्हा कामावरच नव्हते. मालकांनी चष्मा काढून पुसला.

"मी," ते म्हणाले. "खंडेनवमीला. कालवून नीट बोटाने लावलं. भक्तीत कसूर नको."

"फक्त याला?"

"सगळ्यांना. बॅटऱ्यांनाही."

हळदीकुंकवाचा थर मधे बसल्यामुळे धातू धातूला नीट टेकत नव्हता, वीज तिथेच अडून प्लग तापत होता. उरलेली सातही यंत्रं सोमवारी उसावर गेली असती आणि उसावरच पडली असती. ट्यूनिंग बदलून काहीही झालं नसतं. आकडे मवाळ केलेले तेच ड्रोन हळदीकुंकू लावून पडले असते.

शनिवारी पायलटने आणि मी प्रत्येक प्लग उघडला, आतून साफ केला, ज्यात शंका आली तो बदलला. मालक स्वतः स्पिरिटची बाटली धरून उभे होते. दुपारी दुसरं यंत्र मैदानावर नेलं. पडलेल्या यंत्राची तीच बॅटरी, नवा प्लग लावून. टाकी काठोकाठ.

सल्लागार म्हणाले, "सेफ्टीसाठी आकडे थोडे कमी करू या का?"

"एकही आकडा बदलायचा नाही," मी म्हटलं. "पडलं तर माझं काम तुमचं."

पायलटने यंत्र उचललं. वारा होता, तिने मुद्दाम वाऱ्यात नेलं. एकदा झटक्यात थांबवलं, एकदा गर्रकन वळवलं, पुन्हा वर चढवलं. यंत्र कलायचं आणि सांगितल्या जागी खिळल्यासारखं थांबायचं. ती उतरवायला लागली तशी मी ओरडले, "अजून नको, अजून एक फेरी!" आणि तिने हसत हसत अजून दोन मारल्या.

लॉग मी वाचला नाही. सल्लागारांच्या पुढ्यात लॅपटॉप सरकवला. व्होल्टेज दोनने बसलं होतं, थरथर शांत, मोटरींच्या डोक्यावर भरपूर जागा. मग त्यांनी माझ्या दोन रेषांची खिडकी उघडली आणि बराच वेळ पडद्याला नाक लावून बघत राहिले.

"ताई, इथे एकच रेष दिसतेय. दुसरी कुठे गेली?"

"पहिलीच्या खाली आहे," मी म्हटलं. "मोठं करून बघा."

त्यांनी मोठं केलं, आणखी मोठं केलं. मग मालकांना हाक मारली, "सर, गाड्या बोलवा. सातही जाऊ देत, पडलेला दुरुस्त करून मागून पाठवू."