बरं वाटतंय म्हणून

काचबिंदूने बायकोची नजर गेली, तेव्हापासून मास्तर रोज सकाळी तिला पेपर वाचून दाखवत. मधेच थांबून छापण्यातल्या चुका काढत. ती म्हणे, "शाळा सुटली, पण तुमचं लाल पेन काही सुटलं नाही."

सुटली ती रक्तदाबाची गोळी. तपासणीत दाब व्यवस्थित निघाला, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "छान आहे, गोळ्या अशाच चालू ठेवा." मास्तरांनी त्यातलं 'छान' तेवढं घरी आणलं. डोकं दुखत नव्हतं, चक्कर येत नव्हती. मग कशाला उगाच गोळ्या गिळायच्या?

"गोळी घेतलीत का?" ती रोज विचारायची.

"घेतली," ते सांगायचे. तिला दिसत नव्हतं, त्यामुळे खोटं सहज खपायचं. लेकीने आणून दिलेलं दाब मोजायचं यंत्र कपाटात धूळ खात पडलं होतं.

काही महिन्यांनी, पेपर वाचता वाचता मास्तर वाक्याच्या मध्येच थांबले. चष्मा पुसत असतील, असं तिला वाटलं.

"पुढे काय झालं?" तिने विचारलं.

कागद जमिनीवर पडल्याचा आवाज आला. तिने चाचपडत त्यांचा उजवा हात धरला, तर तो ओल्या कपड्यासारखा लुळा पडलेला. तिच्या हाका ऐकून शेजारचा शिंपी धावत आला आणि त्याने ॲम्ब्युलन्स बोलावली.

दवाखान्यात वरचा दाब दोनशेच्या पुढे निघाला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. जीव वाचला, पण वाचा गेली.

"अहो, त्यांना काहीच त्रास नव्हता, मागच्या तपासणीत दाबही चांगला होता," लेक डॉक्टरांना पुन्हा पुन्हा सांगत होती.

"दाब वाढला तरी बहुतेकांना काही जाणवत नाही, म्हणून तर तो मोजायचा," डॉक्टर म्हणाले. "तेव्हा आकडा चांगला होता तो गोळीमुळे. गोळी थांबली की दाब पुन्हा चढत जातो. घरी मोजला असता तर वेळेत कळलं असतं."

मास्तर खाटेवर डोळे मिटून होते, पण त्यांना सगळं समजत होतं. उशी ओली झाली.

घरी आल्यावर लेकीला खणात न फोडलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या सापडल्या. तिने आईला सांगितलं. आई मास्तरांकडे तोंड करून म्हणाली, "मी आंधळी होते हो. तुम्ही तर डोळस होतात."

मास्तरांचे ओठ हलले. शब्द आला नाही.

आता ते गोळी चुकवत नाहीत. मोजण्याआधी खुर्चीला टेकून शांत बसतात, लेक दंडाला पट्टा बांधते आणि आकडा आईला ऐकू जाईल असा वाचते. आकडा बहुतेक वेळा चांगला असतो. बोलणं मात्र दोन-चार शब्दांपलीकडे गेलेलं नाही.

आईला बातम्या ऐकता याव्यात म्हणून लेकीने रेडिओ आणला आहे. मास्तर खोलीत असले की आई तो लावत नाही.