एक टप्पा, एक हात

आमच्या गल्लीत मॅच सुरू व्हायच्या आधी नियम मी सांगतो. क्रिकेट मला फार चांगलं येतं असं नाही. आवाज मोठा आहे आणि भांडायची तयारी असते, एवढ्यावरच हे काम माझ्याकडे आलं. सुरतच्या लिंबायतमधल्या या गल्लीत माझ्यासारखे निम्मेअधिक लोक धुळे-जळगावकडून लूमवर कामाला आलेले आहेत. बारा तास मशीनच्या खडखडाटात उभं राहायचं, तर मोठा आवाज आपोआप तयार होतो. कारखान्याला सुट्टी असली की सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही खेळतो. पोरं असतात, पण आमच्यासारखे चाळिशीला टेकलेलेही असतात, आणि जास्त रडतो आम्हीच.

बाहेरच्या माणसाला वाटतं, गल्लीतल्या क्रिकेटला कसले आलेत नियम. त्यानं एकदा येऊन बघावं. एका बाजूला बंद गोडाऊनची लांबलचक भिंत, दुसऱ्या बाजूला उघडं गटार आणि त्याच्या पलीकडे घरांचे ओटे. ओट्यांवर बायका साड्यांचे धागे कापत बसलेल्या. समोर कोणाची तरी रिक्षा. एवढ्या जागेत तेरा-चौदा माणसं भांडणाशिवाय खेळवायची म्हणजे खाऊ नाही. म्हणून आधी दोन्ही कॅप्टन खेळपट्टीवर उभे राहतात, बाकीचे भोवती जमतात आणि एकेक गोष्ट मोठ्यानं बोलून पक्की होते. रन फक्त समोर. बॉल गटारात गेला की एक रन, आणि ज्यानं मारला त्यानंच काढायचा. ओट्यावर थेट गेला तर आउट, कारण तिथे साड्या आहेत. बट्टा नाही, म्हणजे हात वाकवून बॉल फेकायचा नाही. एलबीडब्ल्यू नाही. पहिला बॉल ट्राय, म्हणजे मोजायचा नाही. शेवटचा गडी एकटा खेळणार. आणि सगळ्यात महत्त्वाचा, एक टप्पा, एक हात. म्हणजे मारलेला बॉल एकदा जमिनीवर आपटून वर आला आणि कोणी एका हाताने झेलला, तर आउट. दोन्ही हात लावले तर नाही. मागे कीपरकडे गेलेल्याला हा नियम नाही.

हा नियम ज्यानं काढला त्याला माझा सलाम. छोट्या जागेत सरळ झेल कमी मिळतात, सगळे जमिनीवरून मारतात, मग आउट कोण होणार? टप्प्यावर झेल दिला तर फलंदाज गेलाच, म्हणून बिचाऱ्यासाठी झेलणाऱ्याचा एक हात बांधून ठेवला. असला तोल कारखान्यात नाही, घरात नाही, गल्लीतल्या क्रिकेटमध्ये आहे. आणि या सगळ्या नियमांच्या वर एक नियम आहे, जो वेगळा सांगावा लागत नाही: जे ठरेल ते सगळ्यांसमोर ठरेल. जे आधी ठरलं नाही, त्यावर वाद झाला तर बॉल परत टाकायचा.

सगळ्यांसमोर ठरवायचा हा नियम मीच मोडला. माझ्या दोस्तासाठी.

हा दोस्त माझ्या गावाशेजारच्या गावचा. सुरतला आम्ही एकाच महिन्यात आलो, एकाच कारखान्यात लागलो, पहिलं वर्षभर एकाच खोलीत झोपलो. गल्लीत त्याच्यासारखा बॉलर नव्हता. मग एके दिवशी त्याचा उजवा पंजा मशीनच्या पट्ट्यात आणि पुलीत सापडला. मनगटापासून गेला. मालकानं त्याला कारखान्याच्या दारावर वॉचमन म्हणून बसवलं. त्यानंतर वर्षभर तो आमची मॅच ओट्यावर बसून बघायचा. शिव्या द्यायला एक नंबर होता, पण आता गप्प असायचा. आम्हीही त्याच्याशी हळू बोलायचो, आजारी माणसाशी बोलावं तसं. मी तर फारच.

एका सकाळी मी नियम सांगायला उभा राहिलो, तर हा ओट्यावरून उठून आला. म्हणाला, "मी बी खेळस आज."

मला इतका आनंद झाला की तिथेच माती खाल्ली. पलीकडच्या गल्लीचा कॅप्टन वऱ्हाडातला गवंडी, सरळ माणूस. टॉसच्या निमित्तानं मी त्याला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणालो, "तो आमचा लिंबूटिंबू धरायचा. आउट झाला तरी ओरडायचं नाही."

लहान पोराला खेळात घेतात आणि त्याला आउट धरत नाहीत, त्याला लिंबूटिंबू म्हणतात. पोराला ते कळत नाही, ते खूश असतं. गवंड्यानं माझ्याकडे जरा बघितलं आणि विचारलं, "त्याले माहीत आहे का हे?"

"तू नको सांगू," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली आणि आपल्या पोरांना कानात सांगितलं. कौलाच्या तुकड्याला एका बाजूनं थुंकी लावून तो मी वर उडवला, त्यांनी सुकं मागितलं, ओलं आलं. आमची बॅटिंग.

तो दुसऱ्या नंबरला उतरला. डाव्या हातात बॅट धरून उभा राहिला, उजवा हात पाठीमागे. पहिला बॉल हुकला, दुसरा हुकला. बॉलर मुद्दाम हळू टाकत होता, ते मला दिसत होतं. तिसरा बॉल त्यानं समोर मारला. नुसत्या डाव्या हातानं, पण बरोबर मधोमध. बॉल एकदा आपटला आणि समोर उभ्या असलेल्या पोरानं पळत येऊन एका हातानं झेलला. काय झेल होता! दुसरा कोणी बॅटिंगला असता तर त्या पोराला खांद्यावर घेऊन नाचले असते. पण पोरगा ओरडला नाही. त्यानं बॉल निमूट बॉलरकडे फेकला. गवंडी आभाळाकडे बघत होता. ओट्यावरच्या बायकांच्या कात्र्यासुद्धा थांबल्या.

माझ्या दोस्तानं त्या पोराकडे बघितलं, गवंड्याकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे.

"टप्पा पडना, एक हातवर लिधा. मी आउट शे ना?" तो म्हणाला. "मंग कोनी बोलत का नही?"

मी म्हणालो, "जाऊ दे ना भाऊ, खेळ."

त्याला सगळं कळलं. बॅट त्यानं आपटली नाही, भिंतीला नीट टेकवून ठेवली. मग माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "तू माले लिंबूटिंबू करं?"

तो पुढे म्हणाला, "मना पंजा गया शे, डोकं नही. आउट तर आउट सांगानं." आणि मग जे म्हणाला ते अजून टोचतं: "तुना संगे नही खेळाव मी आते."

मला वाटलं, हा घरी जाणार आणि पुन्हा कधी येणार नाही. तसं झालं असतं तर तो गुन्हा माझाच होता. वर्षभर धीर गोळा करून माणूस ओट्यावरून उठला होता, आणि मी त्याला पोरांच्या रांगेत बसवलं होतं.

पण तो घरी गेला नाही. खेळपट्टीच्या मधोमध उभा राहून त्यानं डावा हात वर केला आणि म्हणाला, "मॅच रद्द. नियम पहिल्यापासून."

त्यानं नियम सांगितले. मी इतकी वर्षं सांगतोय, पण तितके स्वच्छ कधी सांगितले नव्हते. गवंड्याच्या टीममध्ये तो स्वतःच गेला, आणि त्यांचा एक पोरगा आमच्याकडे आला. मग त्यानं स्वतःची गोष्ट काढली. मोठी बॅट एका हाताला जड जाते, म्हणून पोरांची छोटी बॅट तो घेणार, कोणाची हरकत? कोणाची नव्हती. बॉलिंग डाव्या हाताने करणार, सवय नाही, म्हणून पहिल्या ओव्हरला दोन ट्राय बॉल. मी ताठ्यानं म्हणालो, "एकच." मुद्दाम, त्याला सवलत द्यायची नाही म्हणून. त्यानं माझ्याकडे रोखून बघितलं आणि म्हणाला, "एक तर एक."

मग आमच्यात आलेल्या पोरानं एक प्रश्न काढला. तो म्हणाला, "काका, एक टप्पा एक हातमध्ये आम्हाला एक हात मागे ठेवावा लागतो. तुमचा तर एकच आहे. मग तुम्हाला कुठे नुकसान झालं?"

मी त्या पोराच्या कानाखाली द्यायला निघालो होतो. पण माझा दोस्त विचार करायला लागला, कारण प्रश्न नियमाचा होता आणि बरोबर होता. शेवटी म्हणाला, "बरोबर शे. पन सरळ झेल तू दोन हातवर लेस, मी एकवर. ते नुकसान मनं. फिटांफिट?"

पोरगा म्हणाला, "फिट्टंफाट." गवंडी खो खो हसला, मग सगळेच हसले.

भिंतीचं राहिलं होतं, ते गवंड्यानं काढलं. "अन् बॉल भिंतीले लागून आला तर?" मीच त्यावर अडून बसलो. भिंतीला लागून सरळ आला आणि एका हाताने झेलला तर आउट, पण भिंतीला लागून पुन्हा जमिनीवर पडला तर नाही, मग तो मेला. सगळे हो म्हणाले.

माझी बॅटिंग आली तेव्हा जिंकायला चार रन हवे होते आणि मी शेवटचा गडी, एकटा खेळत होतो. माझा दोस्त भिंतीजवळ उभा होता. मी जोरात मारलेला बॉल भिंतीवर आदळला आणि खाली येता येता त्यानं आडवं पडून डाव्या हातानं जमिनीपासून बोटभर वर उचलला. उठला तेव्हा कोपर सोललेलं आणि बॉल मुठीत. सगळी गल्ली ओरडली.

मी ओरडलो, "जमिनीला लागला! मेला बॉल, मी नाही जात!"

खरं सांगतो, लागला नव्हता. मला स्वच्छ दिसलं होतं. तो झेल आजवर गल्लीत कोणी घेतला नाही आणि कोणी घेणारही नाही. पण माझा दोस्त तरातरा माझ्या अंगावर आला, बॉल माझ्या नाकासमोर धरला, आणि मला आईवरून एक सणसणीत शिवी हासडली. पंजा गेल्यापासून पहिलीच. मला इतकं बरं वाटलं की मी आणखी थोडा वेळ खोटं बोलत राहिलो.