सुतारकाकांचा घडीचा स्टँड

पुस्तक ठेवायचा घडीचा लाकडी स्टँड सुतारकाकांनी स्वतःच्या डोक्यातून काढला होता. सून तो ऑनलाइन विकायची. एका स्टँडमागे चाळीस रुपये सुटत. त्यातले बावीस जाहिरात खाई, अकरा गोदामाचं भाडं. उरलेल्या सातांसाठी ती प्रत्येक गिऱ्हाइकाला अर्धा तास फोनवर घडी उलगडायला शिकवायची.

"बाबा, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला झालाय," ती एकदा वैतागून म्हणाली. "महिनाभर जाहिरात थांबवते. आपणहून दहा खपले तर ठेवू, नाहीतर बंद."

काका महिनाभर तिच्या फोनकडे डोळे लावून बसले. तीन खपले.

"बघ, जाहिरातीविना तीन!" काका हरखले.

सुनेने फोनवर गिऱ्हाइकांचे पत्ते दाखवले. तिन्ही स्टँड एकाच घरी गेले होते, काकांच्या थोरल्या बहिणीकडे. तिची दृष्टी जाऊन दोन वर्षं झाली होती.

"काढून टाक," काका म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी ताईचा फोन आला. "अरे, शेजारीण म्हणते, तुझा स्टँड आता दुकानात दिसत नाही. सगळे खपले की काय?"

"हो ताई," काका म्हणाले, "सगळे खपले."